आजोबांची चौकट आणि नातवंडांच्या रेघा: गोष्टीसाठी तपशील हवेत

दिवेलागण
एक लघुकथा लिहायला घेतली आहे. राजापूर तालुक्यातलं जांभ्या दगडाचं घर, माजघराच्या दाराला सागवानी चौकट. आजोबा दर मे महिन्यात मुंबईहून आलेल्या नातवंडांची उंची त्या चौकटीवर आखतात. 1994 ते 2012 एवढा काळ गोष्टीत येतो. नातवंडं तीन: थोरला नातू, त्याच्याहून वर्षाने लहान चुलत बहीण आणि शेंडेफळ. भावनेचा भाग माझा मी बघेन. रेघ नेमकी कशी मारतात, कुठे चुकते, वीस वर्षांत लाकडाचं आणि घराचं काय होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी इथे लिहावं. वाचणाऱ्यांत एखादा सुतार निघाला तरी त्याला खोटं वाटू नये, एवढंच मागणं आहे.

गुण्या-ओळंबा
सगळ्यात आधी मूल उभं कुठे करायचं ते ठरवा. उंबऱ्यावर उभं राहू नये असं घरात सांगतात, त्यामुळे आजोबा मुलाला उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवरच उभं करतील. पाठ दाराच्या बाहीला. चप्पल काढलेली, टाचा बाहीला टेकलेल्या, गुडघे ताठ, नजर समोर. मुलं हमखास हनुवटी वर करतात. डोकं मागे कललं की माथ्याचा सगळ्यात उंच भाग खाली येतो आणि उंची उलट कमी भरते.

डोक्यावर पेन्सिल आडवी धरून रेघ मारली असं गोष्टींत वाचायला मिळतं. ती पेन्सिल कवटीच्या उताराप्रमाणे कलते आणि रेघ एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे होते. सुताराचा गुण्या असेल तर उत्तम. एक बाजू बाहीवर सपाट दाबायची आणि दुसरी डोक्यावर उतरवायची, केस दबेपर्यंत. गुण्या नसेल तर पुठ्ठ्याच्या बांधणीचं जाड पुस्तक, त्याची कड बाहीला पूर्ण टेकवून. रेघ पुस्तकाच्या खालच्या कडेला मारायची, कारण डोकं टेकतं ते तिथे. वरच्या कडेला मारली तर पुस्तकाची जाडी उंचीत धरली जाते, आणि पुढच्या वर्षी वेगळं पुस्तक घेतलं की हिशेब चुकतो.

आजोबा उंच असतील आणि मूल पाच वर्षांचं असेल तर ते वरून वाकून बघतात आणि पुस्तकाची पुढची बाजू नकळत खाली दाबतात. त्यांना पाटावर किंवा स्टुलावर बसवा म्हणजे डोळा रेघेच्या पातळीत येईल.

ओली-काठ
चौकट सागवानी असली तरी कोकणातला पाऊस लक्षात घ्या. जुलैमध्ये लाकूड फुगतं, दारं घट्ट बसतात. म्हणजे मेमध्ये मारलेल्या रेघा पावसाळ्यात वर सरकतात आणि पुढच्या मेमध्ये खाली येतात. गोष्टीत हे छान वापरता येईल: आजोबा पावसात एकटे मोजतात आणि मुलं वाढलेली दिसतात!

गुण्या-ओळंबा
दार घट्ट बसतं हे खरं, पण लाकूड फुगतं ते रुंदीत आणि जाडीत. धाग्याच्या दिशेने, म्हणजे उभ्या बाहीच्या लांबीत, जुन्या वाळलेल्या सागाला मोसमागणिक पडणारा फरक टेपवर दिसणारसुद्धा नाही. पावसात फार तर बाहीची रुंदी वाढेल. रेघांमधलं उभं अंतर तेच राहील. एवढी गोड कल्पना मोडताना वाईट वाटतं, पण सुतार वाचणार असेल तर ती काढा.

वजनकाटा
लहान मुलांच्या दवाखान्यात उंच्या मोजण्याचं काम असल्यामुळे आकड्यांबद्दल लिहिते. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंमी वाढतं. दोन रेघांमध्ये चार बोटांपेक्षा थोडं कमी अंतर हे धरून चाला. गोष्टींत मुलं एका सुट्टीत वीतभर वाढतात, तसं करू नका.

तुमच्या थोरल्या नातवात आणि चुलत बहिणीत खरी गंमत आहे. मुलींची झपाट्याची वाढ आधी येते, साधारण अकरा-बाराव्या वर्षी, वर्षाला 8 सेंमीच्या आसपास. मुलग्यांची तेरा-चौदाव्या वर्षी, 9 ते 10 सेंमी. त्यामुळे तो तेरा वर्षांचा आणि ती बाराची असताना तिची रेघ त्याच्या वर जाणं अगदी साहजिक आहे. वर्ष-दोन वर्षांत तो पुन्हा वर जातो. वर्षभराने लहान बहीण पुढे गेली म्हणून रुसलेला मुलगा कुठल्याही घरात सापडेल.

आणखी दोन गोष्टी. सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंमी उंच भरतो, दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्या दबतात म्हणून. वर्षाची वाढ पाच-सहा सेंमी असताना एक सेंमी म्हणजे दोन महिन्यांची वाढ, तेव्हा आजोबांनी वेळ ठरवून ठेवावी. दुसरं, दोन वर्षांखालच्या मुलाला उभं करून मोजू नका, त्याला आडवं मोजतात. शेंडेफळाला कोणीतरी काखेत धरून उभं केलं तर गुडघे वाकलेले असतील आणि ती पहिली रेघ कायमची खोटी राहील.

ओली-काठ
पण आजोबा ती रेघ मारणारच ना! वर्षाचं बाळ घरात आलंय आणि आजोबा दोन वर्षं थांबले, हे मला पटणार नाही.

वजनकाटा
मारू देत. फक्त पुढे त्या रेघेवरून कोणी हिशेब करू नये.

कल्याण-लोकल
आमच्या मुलाचं नववं चालू आहे. गेल्या मेमध्ये दारावर खूण केली होती, या मेमध्ये जेमतेम दोन सेंमी वर गेलाय. बाकी तब्येत ठीक. काही औषध, टॉनिक सुचवाल का?

वजनकाटा
हा धागा गोष्टीचा आहे, तरी सांगते. टॉनिक कोणाला विचारून देऊ नका. या वयात वर्षाला 4 सेंमीपेक्षा कमी वाढ खरी असेल तर बालरोगतज्ज्ञाला दाखवायला हवं. पण घरच्या दोन रेघांमध्ये दोन्ही वेळच्या चुका जमा होतात. पहिली खूण बूट घालून आणि दुसरी अनवाणी झाली असेल तर तेवढ्यानेच दोन-तीन सेंमी जातात. दवाखान्यात भिंतीवरच्या पट्टीवर मोजून घ्या, जुन्या फायलीतल्या उंच्या आणि आई-वडिलांच्या उंच्या सोबत न्या. ते तक्त्यावर मांडून बघतील.

पॉलिशवाला
रेघ कशाने मारली यावर ती टिकणार की नाही ते ठरतं. साधी शिसपेन्सिल सगळ्यात टिकाऊ. शिसं उन्हाने उडत नाही. बॉलपेनची निळी शाई दाराच्या उजेडात काही वर्षांत फिकी पडते आणि स्केचपेन त्याहून लवकर.

चौकटीला लाखेचं पॉलिश करतात ते स्पिरिटमध्ये विरघळवलेलं असतं. स्पिरिटचा बोळा बॉलपेनवरून फिरला की शाई पसरते, निळा डाग उरतो. शिसं स्पिरिटमध्ये विरघळत नाही, पण पॉलिशच्या आधी घासकाम असतं. पॉलिश पेपर फिरला की पेन्सिल गेली. म्हणून घरात लग्न निघालं आणि पॉलिशवाले आले की रेघा जातात, कोणी दुष्टपणे पुसाव्या लागत नाहीत. वाचवायच्या असतील तर तेवढ्या पट्ट्यावर चिकटपट्टी लावून ती जागा न घासता सोडतात. मग तिथला रंग बाकी चौकटीपेक्षा वेगळा दिसतो, आणि तो दिसू द्यावा लागतो.

गुण्या-ओळंबा
माझं मत वेगळं आहे. पटाशीच्या कोपऱ्याने केसाएवढी खाच पाडावी. पॉलिश पेपरलाही ती पुरून उरते.

पॉलिशवाला
खाचेत पॉलिश साचून काळी रेघ होते, दिसते मात्र छान. पण चांगल्या सागावर पटाशी चालवणारे आजोबा वेगळे आणि पेन्सिलवाले वेगळे. ते लेखकाने ठरवावं.

चिरेबंदी
जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. सगळे डोक्याकडे बघताहेत, मी पायाकडे बघतो. 1994 ते 2012 या काळात कोकणातल्या घराची जमीन तशीच राहिली असेल असं मला वाटत नाही. सारवलेली जमीन किंवा कोबा असेल तर मधे कधीतरी फरशी बसली असणार. बहुतेक वेळा कोबा फोडत नाहीत, त्याच्यावरच चारेक सेंमी मसाला आणि एक सेंमीची लादी. म्हणजे जमीन 5 सेंमी वर आली. चौकट मात्र होती तिथेच आहे.

आता आकडे मांडून बघा. नात मे 2000 मध्ये 122 सेंमी. दिवाळीनंतर फरशी बसली. मे 2001 मध्ये ती खरोखर 128 आहे, सहा सेंमी वाढलेली. पण ती उभी आहे नव्या फरशीवर, त्यामुळे तिची रेघ जुन्या जमिनीपासून 133 वर पडते. दोन रेघांमध्ये 11 सेंमी! घरभर कौतुक, पोरगी किती वाढली. आणि कोणी टेप घेऊन नव्या फरशीपासून जुनी रेघ मोजली तर ती 117 भरते, शेजारी मात्र आजोबांच्या अक्षरात 122 लिहिलेलं. त्या वर्षी सगळ्याच नातवंडांच्या रेघा अशा उडी मारतील, आणि सगळ्यांची उडी एकाच वर्षी आली की संशय जमिनीवर घ्यायचा.

खुणा आणखी असतात. उंबरा पूर्वी चार इंच वर होता, आता दोन. दार फरशीला घासतं म्हणून खालून तासलेलं दिसतं.

वजनकाटा
यावर आमच्या कामातला एक उपाय आहे. ज्याची उंची बदलत नाही अशा मोठ्या माणसालाही त्याच जागी दर वर्षी मोजायचं. आजोबांनी स्वतःची रेघ मारली असेल तर फरशीच्या वर्षी सत्तरीतले आजोबा पाच सेंमी वाढलेले दिसतील, आणि तेव्हाच कळेल की वाढली ती जमीन. पण आजोबांपेक्षा काकाची रेघ धरा. म्हातारपणी माणूस हळूहळू खचतो, सत्तरीनंतर जरा जास्तच. अठरा वर्षांत आजोबांची रेघ दोन-तीन सेंमी खाली येऊ शकते.

दिवेलागण
हे सोनं आहे. म्हणजे 2001 मध्ये आजोबांची रेघ वर जाते आणि मग दर वर्षी किंचित खाली. एक शंका: जमीन उचलल्याचं लक्षात आल्यावर आजोबा जुन्या रेघा दुरुस्त करतील का?

गुण्या-ओळंबा
रेघांना हात लावणार नाहीत. हिशेबी माणूस असेल तर बाहीवर जुन्या जमिनीपासून बरोबर 100 सेंमीवर एक खूण करून ठेवेल, फरशी बसायच्या आधी. मग पुढे कितीही थर चढू देत, त्या खुणेपासून वर मोजायचं आणि आजची जमीन खुणेच्या किती खाली आहे ते त्यात मिळवायचं.

चिरेबंदी
त्यासाठी फरशी बसायच्या आधी सुचायला हवं. जमीन झाल्यावर सुचलं तर उंबऱ्यावरून काढता येतं, पण जुना उंबरा किती वर होता ते कोणाला तरी आठवलं पाहिजे. माझ्या मते तुमच्या आजोबांना ते नंतरच सुचावं. आणि बाहीचा खालचा फूटभर वाळवीने पोकळ झाला असेल तर सुतार तो कापून नवा जोड देतो, तेही विसरू नका. नवा तुकडा फिकट दिसतो. बाळाची पहिली रेघ मात्र त्याच्या बरीच वर असेल, ती वाचते.