ट्रॅव्हर्सलला जागा किती लागते: रिकर्शन, लूप की झाडाची उंची?

जिनिंगवाला_धरणगाव:
मित्रांनो सरळ सांगतो, रिकर्शन सोडा. काट्याच्या पावत्यांचं बायनरी सर्च ट्री केलं होतं पायथनमध्ये, नंबर 1 ते 5000. इनऑर्डर रिकर्शनने चालवलं तर RecursionError. तेच लूप आणि स्टॅकने लिहिलं तर झटक्यात चाललं, आणि स्टॅकची लांबी प्रिंट केली तर कधी 1 च्या वर गेलीच नाही. म्हणजे रिकर्शनला O(n) आणि इटरेटिव्हला O(1). कॉलेजात उगाच दोन्हीला सारखंच सांगतात.

तापीकाठ:
भाऊ, तुझा आकडा खरा आहे पण निष्कर्ष चुकला, आणि हाच निष्कर्ष काढून पोरं पुढे जातात म्हणून सविस्तर लिहितोय. पावत्या तू नंबरच्या ओळीने टाकल्या ना? मग 1 मुळाशी, 2 त्याच्या उजवीकडे, 3 त्याच्या उजवीकडे, असं करत झाड नाही तर 5000 नोडची एक सरळ रांग झाली, सगळी उजवीकडे. आता तुझं लूप काय करतं बघ. डावीकडे जाता येईल तेवढं जातं आणि वाटेतले नोड स्टॅकवर ठेवतं. तुझ्या झाडात डावीकडे कोणीच नाही, त्यामुळे 1 ठेवला, लगेच काढला, छापला, उजवीकडे 2 वर गेलं, तो ठेवला, काढला. स्टॅक 1 च्या वर जाणार कसा? आता त्याच पावत्या 5000 पासून खाली 1 पर्यंत टाक आणि हे चालव:

```python
def inorder(p):
    s, m = [], 0
    while s or p:
        while p:
            s.append(p)
            m = max(m, len(s))
            p = p.left
        p = s.pop()
        print(p.key)
        p = p.right
    return m
```

m किती येतो ते इथे टाक. पहिली पावती छापायच्या आधीच पूर्ण 5000 नोड स्टॅकवर बसतील. कोड तोच, नोड तेवढेच, फक्त रांग डावीकडे वळली. म्हणून लूपलाही O(1) नाही, O(h) म्हणायचं, h म्हणजे झाडाची उंची.

केळीबाग_रावेर:
मला एक कळत नाही, झाडच मेमरीत 5000 नोडचं आहे, म्हणजे n जागा लागलीच आहे, मग हे O(1) आणि O(h) कशावर भांडताय?

तापीकाठ:
दादा, झाडाची जागा सगळ्यांनी धरूनच ठेवलीय, ती दोघांना सारखीच. भांडण आहे ते फिरताना वरून किती जास्तीची लागते त्याचं.

जिनिंगवाला_धरणगाव:
5000 आला. बरं. पण एरर तर नाही आली! रिकर्शन दोन्ही वेळा मेलं, लूप दोन्ही वेळा चाललं. मला काम चालण्याशी मतलब, तुमच्या h शी नाही.

तापीकाठ:
चाललं कारण पायथनची लिस्ट हीपवर असते, 5000 पॉइंटर म्हणजे 8 बाइटच्या हिशेबाने 40 केबी, त्याचं कोणाला ओझं. रिकर्शन मेलं कारण पायथनने खोलीची मर्यादा मुळातच 1000 ठेवलीय, मेमरी संपली म्हणून नाही मेलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्या एकत्र केल्यास. एरर आली नाही म्हणजे जागा लागली नाही असं होत नाही.

खरा मुद्दा हा आहे की फिरताना लक्षात काय ठेवावं लागतं. तू एखाद्या नोडवर उभा आहेस, तर मुळापासून तिथपर्यंतच्या वाटेवर ज्यांचं काम अजून बाकी आहे ते पूर्वज. इनऑर्डरमध्ये ज्या पूर्वजाच्या डावीकडे तू वळलास त्याचं काम बाकी आहे, त्याला अजून छापायचंय. ज्याच्या उजवीकडे वळलास त्याचं सगळं झालंय. लूप फक्त बाकीवाले ठेवतं, म्हणून त्याचा स्टॅक म्हणजे वाटेतली डावी वळणं. रिकर्शन काम झालेल्यांच्याही फ्रेम धरून बसतं, कारण उजवीकडचा कॉल परत यायचाय. म्हणून उजव्या रांगेत एकाला 1 आणि दुसऱ्याला 5000. पण वाट कितीही लांब झाली तरी झाडाच्या उंचीपेक्षा लांब होत नाही, म्हणून दोघांनाही कमाल h, आणि सर्वात वाईट झाडात दोघंही त्या h ला जाऊन टेकतात. कॉलेजात सारखंच सांगतात ते याच अर्थाने, आणि बरोबर सांगतात.

भुसावळ_लोको:
काय सांगी राहिना भाऊ तू. मी C मध्ये हेच रिकर्शन लिहिलंय, चढत्या क्रमाने 50 लाख नोड, एकदम व्यवस्थित चाललं. 50 लाख फ्रेम बसल्या का मग 8 एमबीच्या स्टॅकमध्ये? तुमचं "काम झालेल्यांच्याही फ्रेम धरून बसतं" इथेच कोसळलं.

तापीकाठ:
कंपाइल करताना -O2 दिलं होतंस का?

भुसावळ_लोको:
हो, नेहमीच देतो.

तापीकाठ:
मग फ्रेम बसल्याच नाहीत. इनऑर्डरमध्ये उजवीकडचा कॉल ही फंक्शनची शेवटची ओळ, त्यानंतर काही करायचं उरत नाही, म्हणून gcc -O2 वर त्या कॉलचं सरळ लूप करून टाकतं. म्हणजे तू लिहिलंस रिकर्शन पण उजव्या बाजूने चाललं लूप. आता -O0 देऊन बघ, Segmentation fault येईल. साध्या फंक्शनची फ्रेम 32 बाइट धरली तरी 50 लाखांना 160 एमबी होतात आणि लिनक्सवर सहसा मिळतात 8. आणि -O2 ठेवूनच उतरत्या क्रमाने टाकलंस तरी येईल, कारण डावीकडचा कॉल शेवटचा नाही, परत येऊन छापायचंय, तो कोणालाच गाळता येत नाही. पायथन मात्र असं काही करत नाही, शेवटचा कॉल असो की मधला, फ्रेम धरूनच ठेवतं.

भुसावळ_लोको:
-O0 वर आली. उतरत्या क्रमाने दोन्हीकडे आली. ठीक आहे, पण मग वाक्य सुधारून लिहा ना आधीच, "पायथनमध्ये" म्हणा. सरसकट लिहिता आणि मग कंपाइलर काढता.

सातपुडा_शिरपूर:
माझं दुःख वेगळंच आहे. आमच्या पेपरात विचारलं होतं, बायनरी ट्रीच्या रिकर्सिव्ह इनऑर्डरला जास्तीची जागा किती. मी लिहिलं O(h), सर्वात वाईट O(n). शून्य मार्क. उत्तरपत्रिकेवर लाल पेनने O(log n). फेरतपासणीला गेलो तर म्हणे मॉडेल आन्सरमध्ये हेच आहे. हे सगळं वाचून आज पुन्हा डोकं फिरलं.

अमळनेरची_मॅडम:
मी शिकवते म्हणून बोलते. प्रश्नात "बॅलन्स्ड" शब्द असता तर log n बरोबर. नसेल तर तुमचं उत्तर बरोबर आणि मॉडेल आन्सर चूक, यात दुमत नाही. पण सगळ्या मास्तरांना एका माळेत ओवू नका. मी वर्गात रांगेचं झाड आधी काढते, मग भरलेलं झाड.

सातपुडा_शिरपूर:
मॅडम, तुम्ही काढता, पण पेपर तपासणारे काढत नाहीत. मार्क कोणाचे गेले?

केळीबाग_रावेर:
इथे तर सगळ्यांचंच झालंय. पुण्याला इंटरव्ह्यूला माझ्या भावालाही हेच विचारलं, त्याने पाठ केलेलं log n सांगितलं, त्यांनी विचारलं झाड वाकडं असेल तर, हा गप्प. म्हणजे कॉलेजात खरं लिहिलं तर मार्क जातात आणि पाठ केलेलं बोललं तर नोकरी जाते.

अमळनेरची_मॅडम:
पाठ करून गेला तो दोष पण आमचाच का? 60-60 पोरांच्या लॅबमध्ये मी एकटी असते. प्रत्येकाला m छापायला लावलं तर बाकीचा अभ्यासक्रम कोण संपवणार? तरी लावते.

सातपुडा_शिरपूर:
अभ्यासक्रम संपवायच्या घाईतच तर चुकीची उत्तरं छापली जातात. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पण "संपवणं" हा शब्दच मला सहन होत नाही.

अमळनेरची_मॅडम:
आणि मला घरी बसून मास्तरांना शहाणपण शिकवणं सहन होत नाही. तुमचे मार्क चुकीचे गेले हे मी मान्य केलंय, आता त्याचा राग माझ्यावर काढू नका.

तापीकाठ:
दोघं जरा थांबा. मॅडमचं भरलेलं झाड इथे कामाचं आहे. 5000 नोड नीट भरले तर 13 थरांत मावतात. एव्हीएल ठेवलं, म्हणजे प्रत्येक नोडला दोन्ही बाजूंच्या उंचीत एकपेक्षा जास्त फरक पडू दिला नाही, तर कितीही वाईट झालं तरी 17 थर. पावत्या विस्कटून कुठल्याही क्रमाने टाकल्या तर साधारण तिसाच्या आसपास. आणि ओळीने टाकल्या तर 5000. नोड तेवढेच, जागा ठरली ती उंचीवरून. म्हणून धरणगावच्या भावाला माझं सांगणं की रिकर्शन की लूप यात डोकं घालण्याआधी झाड ओळीने भरणं बंद कर. 17 थरांच्या झाडावर पायथनचं रिकर्शन 1000 च्या जवळपासही जात नाही.

जिनिंगवाला_धरणगाव:
काट्यावर गाड्या ओळीने येतात, पावत्या ओळीनेच फाटतात, त्या विस्कटून टाकू का? एव्हीएल लिहिण्यापेक्षा लूप सोपं. तुमचं O(h) मान्य, पण लूप सोडणार नाही.

तापीकाठ:
लूप सोड असं मी म्हणतच नाही. खोल झाडावर पायथनमध्ये लूपच लिहावं. मग पोस्टऑर्डरचं लूप पण लिहून बघ. तिथे आई-बापाचं काम दोन्ही पोरं झाल्यावर असतं, म्हणजे उजवीकडे वळलं तरी पूर्वज सोडता येत नाही. तुझ्या त्याच चढत्या रांगेवर, जिथे इनऑर्डरला 1 आला, तिथे पोस्टऑर्डरच्या लूपला पूर्ण 5000 लागतील. आणि दोन स्टॅकची जी पद्धत नोट्समध्ये असते तिचा दुसरा स्टॅक तर झाड कसंही असो, सगळे n नोड साठवतो, म्हणजे 13 थरांच्या झाडावरही 5000. तिथे रिकर्शन 13 वर भागवतं. लूप म्हणजे कमी जागा, हे इथे उलटं पडतं.

भुसावळ_लोको:
हे माहीत नव्हतं. पण एवढं सगळं कशाला, मॉरिस ट्रॅव्हर्सल लावा ना. 1979 पासून आहे, स्टॅक नाही, रिकर्शन नाही, खरोखर O(1).

तापीकाठ:
जागेचं बरोबर. पण मॉरिस फिरताना झाडाचेच मोकळे उजवे पॉइंटर पूर्वजाकडे वळवतं आणि परतताना पूर्ववत करतं. त्या वेळेत दुसऱ्या थ्रेडने तेच झाड वाचलं तर तो गोल गोल फिरू शकतो, आणि मध्येच एरर येऊन बाहेर पडलास तर झाड तसंच गुंतलेलं राहतं. नोडमध्ये बापाचा पॉइंटर ठेवला तरी स्टॅक लागत नाही आणि झाडाला हातही लागत नाही, मी तेच करीन.

भुसावळ_लोको:
बापाचा पॉइंटर म्हणजे प्रत्येक नोडला 8 बाइट कायमचे. 50 लाख नोडना 40 एमबी झाले ना! याला O(1) म्हणायचं आणि माझ्या मॉरिसला नावं ठेवायची?

तापीकाठ:
ते झाडाच्या जागेत धरतात.

भुसावळ_लोको:
धरा. रॅम माझीच जाते.

सातपुडा_शिरपूर:
मॅडम, ते मॉडेल आन्सर दुरुस्त करायला अर्ज कोणाकडे करायचा असतो तेवढं सांगा. मार्क परत नकोत, पुढच्या पोरांचे जाऊ नयेत.

अमळनेरची_मॅडम:
प्रश्नपत्रिकेचा फोटो आणि 5000 पावत्यांचे दोन्ही आकडे मला पाठवा. बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये ओळखीचे आहेत, मी विचारते. मानतील का ते सांगू शकत नाही.