मदत हवी आहे : निरोपाच्या रात्री वाजलेले मराठी गाणे कोणते?

मित्रहो, आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर गेल्या शनिवारी झालेल्या निरोप समारंभात, तांबडा-पांढरा रस्सा आटोपून सगळे फोटो काढण्यात गुंतले असताना स्पीकरवर एक मराठी गाणे वाजले होते. त्याचे नाव कोणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे.

आवाज पुरुषाचा, काहीसा खर्जातला होता आणि ठेका दादऱ्याचा, म्हणजे सहा मात्रांचा होता. सुरुवातीला केवळ गिटार होती, तबला पहिले कडवे सुरू झाल्यावरच आला, दोन कडव्यांच्या मधे बासरी होती आणि शेवटी सर्व वाद्ये थांबून मुखडा नुसत्या आवाजात गायला गेला. शब्दांपैकी ‘वाट’ आणि ‘पाऊस’ एवढेच मला नीट ऐकू आले.

माझ्या मोबाइलमधील चित्रफितीत त्याचा थोडा भाग आहे, परंतु त्यावर आपल्याच मंडळींचा आरडाओरडा इतका आहे की गाणी ओळखणाऱ्या ॲपला मूळ ध्वनी वेगळा काढता आला नाही. गुणगुणून शोधले, तर चालीशी संबंध नसलेली हिंदी गाणी समोर आली (यात माझ्या गळ्याचाही वाटा असावा). स्पीकर ज्याच्या मोबाइलला जोडला होता, त्याची यादी तोवर संपून ॲप स्वतःच गाणी लावत होते, त्यामुळे ते यादीत सापडत नाही. मात्र त्याने ॲपमधील ‘अलीकडे ऐकलेली गाणी’ उघडून रात्री साडेदहानंतरची नोंद पाहावी, ही विनंती. इतर कोणाकडे मुखडा स्पष्ट ऐकू येणारी चित्रफीत असल्यास तीही पाठवावी.