मदत हवी आहे: ५५५ टायमरचं क्लॉक ५०% ड्यूटी सायकलवर कसं आणू?

पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल आहे. दोन्ही रेझिस्टर १० किलोओहमचे, कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा. स्कोपवर सिग्नल १४० मायक्रोसेकंद हाय, ७० लो दिसतो. आधी मी १ भागिले १४० मायक्रोसेकंद करून ७.१ किलोहर्ट्झ लिहिलं, पण मीटर ४.८ च्या आसपास दाखवत होता. मग कळलं, पिरियड म्हणजे हाय आणि लो मिळून २१०, म्हणून फ्रिक्वेन्सी ४.७६ किलोहर्ट्झ आणि ड्यूटी सायकल १४०/२१०, म्हणजे ६६.७%.

आता अडलंय ते इथे: कपॅसिटर बदलला की फ्रिक्वेन्सी बदलते, ड्यूटी मात्र ६६.७ वरच राहते. पुढे टॉगल फ्लिपफ्लॉप जोडला तर ड्यूटी नेमकी ५०% होईल, पण फ्रिक्वेन्सी निम्मी, २.३८ होईल ना? ४.७६ च ठेवायची असेल तर कपॅसिटर निम्मा, ५ नॅनोफॅरडचा, लावणं बरोबर आहे का?