मदत हवी आहे: गोदामाच्या जागेसाठी λ लावलाय, पण माल आलटून पालटून येत असेल तर?

नमस्कार मंडळी. सोलापुरात चादरी-टॉवेलचा आमचा घाऊक धंदा आहे. दर ऑर्डरचा खर्च ₹300. चादरींचे वर्षाला 1200 गठ्ठे, दर गठ्ठ्याला वर्षाची सांभाळणी ₹200, जागा 4 चौ. फूट. टॉवेलचे 800 गठ्ठे, ₹300 आणि 2 चौ. फूट. नेहमीच्या सूत्राने ऑर्डर 60 आणि 40 येते, म्हणजे जागा 320 लागते. आहे फक्त 250.

म्हणून Q = √(2DK/(h+2λf)) वापरलं; Q म्हणजे एका ऑर्डरचे गठ्ठे, D वर्षाची मागणी, K ऑर्डरचा खर्च, h सांभाळणी, f गठ्ठ्याची जागा आणि λ म्हणजे एका चौ. फुटाची वर्षाची किंमत. λ वाढवत नेला तर 20 ला जागा बरोबर बसली: साधारण 45 आणि 35. जागा जास्त खाणारी चादरच जास्त कापली गेली, हे पटलं. शेजारचा गाळा चौ. फुटाला वर्षाला ₹20 पेक्षा महाग आहे, त्यामुळे तो विषय संपला.

अडचण पुढे आहे. हे गणित दोन्ही माल एकाच दिवशी भरलेले धरतं. दोन्ही दर 15 दिवसांनी, पण आठवड्याच्या अंतराने मागवले (50 आणि 33), तर जागा जेमतेम 235 लागते आणि वर्षाचा खर्चही ₹200 ने कमी दिसतो. पण एक ट्रक चार दिवस उशिरा आला की गठ्ठे बाहेर! अशा वेळी λ साठी मर्यादा 250 च धरावी, की थोडी वाढवावी? किती, ते कसं ठरवता? प्रत्यक्ष करणाऱ्यांनी कृपया सांगा.