शब्दचर्चा : इंटरफेरोग्रामला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका: भौतिकशास्त्राचं एक पुस्तक मराठीत आणते आहे. सरकत्या आरशाच्या मायकेलसन व्यतिकरणमापीतून निघणाऱ्या नोंदीला, म्हणजे इंटरफेरोग्रामला, मी 'वर्णपट' लिहिलं. संपादकांनी खोडलं. का?

शाळामास्तर: लोलकातून रंग वेगळे होतात, तो वर्णपट. शब्द बरोबरच आहे की.

प्रकाशवाला: मास्तर, इथे लोलक नाही, रंग वेगळे होतच नाहीत. प्रकाशाचे दोन भाग करून एका स्थिर आणि एका सरकत्या आरशावर पाठवतात, परत एकत्र आणतात. आरसा सरकेल तशी तीव्रता कमीजास्त होते, तीच नोंद. सोडियमचा दिवा लावून बघा. त्याच्या पिवळ्यात दोन रेषा असतात, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या. सुरुवातीला उजेड-अंधाराचे पट्टे ठसठशीत दिसतात. आरसा साधारण 0.145 मिमी सरकला की जवळजवळ पुसले जातात, कारण एका रेषेचा उजेड तिथे दुसरीचा अंधार. 0.29 मिमीला पुन्हा ठसठशीत. मायकेलसनने 1890च्या दशकात पट्ट्यांचा हा चढउतार नुसत्या डोळ्यांनी मोजून रेषांची घडण ओळखली होती.

बीएस्सीवाली: म्हणजे या नोंदीतून वर्णपट काढायला आम्ही जे गणित वापरतो, ते फूरिए रूपांतर, फक्त पट्टे मोजतं?

प्रकाशवाला: अर्धं बरोबर. एकच रेषा असती तर मोजून भागलं असतं. इथे दोन लयी एकमेकींत मिसळल्यात. रूपांतर एकेक लय घेऊन नोंदीशी बिंदूबिंदूला गुणतं आणि बेरीज करतं. लय नोंदीत असली तर बेरीज साठत जाते, नसली तर अधिक-उणे होऊन जवळपास शून्य. प्रत्येक लयीची बेरीज मांडली की वर्णपट. ताई, तुमचा शब्द या पायरीनंतरचा.

बीएस्सीवाली: आमच्या प्रयोगात रेषा 295 नॅनोमीटरला आली! दिवाच बदलला आम्ही.

प्रकाशवाला: दिवा निर्दोष होता. आरसा जितका सरकतो, त्याच्या दुप्पट प्रकाशाची वाट वाढते, जाऊन-येऊन. तुम्ही आरशाचं अंतर तसंच घातलंत, म्हणून 589चं निम्मं. एक शिखर आलं की दोन?

बीएस्सीवाली: एकच, जाडसर. आरसा 0.1 मिमीच सरकवला होता.

प्रकाशवाला: मग दोन येणारच नाहीत. पट्टे एकदाही पुसले गेले नाहीत, तर रेषा दोन आहेत हे नोंदीला कळणार कुठून? निदान 0.29 मिमी सरकवा, तेही सारख्या पावलांनी. पावलं लहानमोठी पडली तर बाजूला खोट्या रेषा उगवतात. म्हणून चांगल्या यंत्रात हेलियम-निऑन लेसरचे पट्टेच मोजपट्टी असतात.

अनुवादिका: आता खोडल्याचं कारण पटलं. 'व्यतिकरणालेख' लिहू?

शाळामास्तर: जिभेला जड. 'पट्टेनोंद' म्हणा, मुलांना कळेल.

प्रकाशवाला: पांढऱ्या प्रकाशात मधे एक उसळी आणि दोन्हीकडे लगेच सपाटी दिसते, मोजके पट्टे येऊन संपतात. तिथे 'पट्टेनोंद' मला खटकेल. माझं मत व्यतिकरणालेखाला.

शाळामास्तर: मोजके असले तरी पट्टेच ना ते?