मदत हवी आहे: मुलगी पाचवीत हायस्कूलला गेली आणि रात्री साडेदहापर्यंत वह्याच लिहीत बसते

शेवंती

नमस्कार मंडळी. मुलगी चौथीपर्यंत वस्तीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. चार वर्ग, दोन शिक्षक, तिच्या वर्गात सात मुलं. गुरुजींना तिच्या आजीच्या गुडघेदुखीचीही खबर असायची. जूनपासून तिला सिन्नरच्या एका हायस्कूलला पाचवीत घातली आहे, सेमीला. वर्गात साठाच्या वर मुलं. मराठीला एक बाई, हिंदीला दुसऱ्या, गणिताला सर, इंग्रजीला वेगळे, परिसर अभ्यासाच्या दोन भागांना दोघं. शिवाय चित्रकला नि पीटी.

सहाच्या एसटीने घरी येते, जेवली की लिहायला बसते. दप्तरात रोज सगळ्या विषयांची सगळी पुस्तकं, कारण "कोण काय मागेल सांगता येत नाही". गावातल्या दोघी मैत्रिणी ब तुकडीत गेल्या, ही अ मध्ये. डबा एकटीच खाते. गणित तिला येतं, पण इंग्रजीतला प्रश्न वाचून गप्प बसते.

क्लास लावू का? तुकडी बदलून मिळते का? नवरा म्हणतो सेमी काढून टाक.

कट्टेकरी

ताई, कशाला एवढं टेन्शन! आठवीपर्यंत कुणालाच नापास करत नाहीत. पाचवी म्हणजे रमायचं वर्ष. होईल तेवढं लिहू दे, बाकी सोडून दे.

खडूफळा

हायस्कूलला पाचवी-सहावीला मराठी शिकवते, म्हणून लिहिते. कट्टेकरी, तुमचं म्हणणं पूर्वी खरं होतं. आता राज्यात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पाचवीला विषयाला ५० गुण, त्यातले १० तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे, आणि पास व्हायला १८ लागतात. कमी पडले तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर मूल त्याच वर्गात राहतं. सहावी-सातवीत मात्र अजूनही ढकलतात. शेवंतीताई, तुम्ही याची धास्ती घेऊ नका, गणित समजणारं मूल १८ ला अडत नाही.

क्लासचं नंतर बघू. आधी एक करा. चार-पाच दिवस ती काय लिहिते ते शेजारी बसून बघा, तिला काही न बोलता. कुठल्या विषयाचं, कुणी सांगितलेलं, कधी दाखवायचं आणि किती वेळ लागला, एवढं कागदावर टिपा. पाचवीचं मूल तीन तास लिहिण्याइतका गृहपाठ आम्ही सहसा देत नाही. वेळ दुसरीकडे जात असणार.

वऱ्हाडी बाप

आमच्या पोरानं नवोदयची परीक्षा दिली. सहावीत लागला तर तिकडंच राहील, एसटीचा प्रश्नच मिटला. तुम्ही पण फॉर्म भरून टाका. अभ्यास पाचवीतच करावा लागते, वेळ वाया घालवू नका.

शेवंती

दादा, नवोदयचं विचारलं नव्हतं, पण लक्षात ठेवते. तिला एवढ्यात घराबाहेर ठेवायचं मन नाही.

खडूफळाताई, टिपलं. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. खरा गृहपाठ जेमतेम तासाभराचा. बाकी वेळ ती वर्गातलं फळ्यावरचं पुन्हा लिहिते. विचारलं तर म्हणाली, सर पुसतात तेव्हा माझं अर्धंच झालेलं असतं. मग जागा सोडून ठेवते आणि घरी गाईडमधून भरते. गाईडातलं उत्तर वेगळं असलं की पान फाडून पुन्हा पहिल्यापासून.

आणि दुसरं. मंगळवारी हिंदीच्या बाईंनी स्वाध्याय दिला तर तो त्याच रात्री पूर्ण. हिंदीची पुढची तासिका गुरुवारी आहे हे तिला माहीत आहे, तरी "उद्या विचारलं तर?"

खडूफळा

हे दुसरं दरवर्षी बघते. एका गुरुजींच्या हाताखाली चार वर्षं काढलेल्या मुलाला आजचा अभ्यास उद्याच दाखवायची सवय असते. आमच्याकडे तो त्या विषयाच्या पुढच्या तासाला दाखवायचा असतो, आणि हे मुलांना नीट सांगायचं आम्हीच विसरतो. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. वेळापत्रक भिंतीवर लावा. गृहपाठ मिळाला की रफ वहीत विषयाच्या नावापुढे वार लिहायचा, पण दाखवायचा वार, मिळाल्याचा नाही. मंगळवारचं हिंदी म्हणजे "हिंदी, गुरु." मग मंगळवारी रात्री फक्त ज्यांच्यापुढे "बुध" आहे तेवढंच. दप्तरही त्याच वेळापत्रकावरून भरायचं, रात्रीच.

आता फळ्याचं. आमची तासिका ३५ मिनिटांची, घंटा झाली की पुढचे सर दारात उभे. सात मुलांच्या वर्गात गुरुजी थांबत असतील, इथे कुणी थांबत नाही. बाकीची मुलं काय करतात? राहिलेलं शेजाऱ्याच्या वहीतून मधल्या सुट्टीत उतरवतात. तुमची मुलगी कुणाला मागत नाही, म्हणून रात्री गाईड. तिचं एकटेपण आणि वह्यांचा ढीग हे दोन वेगळे प्रश्न मला दिसत नाहीत.

वर्गशिक्षिकेला भेटा, पण सकाळच्या प्रार्थनेच्या गडबडीत नको, तिचा ऑफ तास विचारून जा. "मुलगी बावरलीय" असं मोघम बोलू नका. साठ मुलांत ते ऐकून सोडून दिलं जातं. "फळ्यावरचं पूर्ण होत नाही, वही देणाऱ्या एखाद्या मुलीशेजारी बसवा" असं नेमकं मागा. शक्य असेल तर एसटीने येणारी दुसरी मुलगी मागा, कारण शाळेच्याच गावातल्या मुलींचे बालवाडीपासूनचे कंपू ठरलेले असतात, त्यात शिरायला वेळ लागतो.

एकलव्य

तुकडी बदला ना सरळ! मैत्रिणी मिळाल्या की सगळं सुटेल. माझ्या भावाने जुलैत बदलून घेतली होती.

खडूफळा

बदलून मिळते कधीकधी, मुख्याध्यापकांच्या मनावर आहे. ३० सप्टेंबरचा पट ठरेपर्यंत हालचाल सोपी असते. पण ताई, ब तुकडी सेमीची आहे का ते आधी बघा. नसेल तर तुकडीबरोबर माध्यमही बदलेल. आणि पुढे पुन्हा सेमीत यायचं म्हटलं तर सहावीला विज्ञानही इंग्रजीतून आलेलं असेल.

गणितवेडा

सेमीबद्दल माझं ऐका. पाचवीच्या गणिताचं मराठी पुस्तक घ्या, बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकटही मिळतं. इंग्रजी पुस्तक त्याचंच भाषांतर. धडे त्याच क्रमाने, मराठीत "उदाहरणसंग्रह" तर इंग्रजीत "प्रॉब्लेम सेट", क्रमांकही तेच. इंग्रजीतलं शाब्दिक उदाहरण अडलं की मराठीतलं तेच काढायचं, गणित मात्र इंग्रजी वहीत सोडवायचं. लेकीचं मी असंच केलं. तिला "डिनॉमिनेटर" कधीच अडला नाही, ते एकदा पाठ केलं की झालं. अडायचं ते "लेफ्ट", "ऑल्टुगेदर", "इच" या साध्या शब्दांवर. "हाऊ मेनी आर लेफ्ट" म्हणजे डावीकडे किती, असं समजून बसली होती.

शेवंती

अहो, आमच्याकडे अगदी हेच! "इच" ला ती गुणाकारच करते, प्रश्नात भागाकार असला तरी.

ब तुकडी सेमी नाही, आजच विचारून आले. म्हणजे तो मार्ग बंद. वर्गशिक्षिका शुक्रवारी चौथ्या तासाला मोकळ्या असतात, तेव्हा जाते. एक राहिलंच. एसटीची तीन-चार मुलं अ मध्ये आहेत, पण सगळी मुलगेच. बाई मुलगा-मुलगी एका बाकावर बसवतील का? तुमच्या शाळेत काय करतात?

खडूफळा

आमच्याकडे पाचवीला बसवतो, सातवीपासून पालकच तक्रार करतात. तुमच्या शाळेचं सांगता येणार नाही, विचारा. नाहीच जमलं तर पुढच्या-मागच्या बाकावर चालेल. वही हातात आली म्हणजे झालं.