सीईटी झाली, निकाल बाकी, आणि पालक विचारतात "किती येतील सर?" : तुम्ही काय सांगता? (अनुभव धागा)

सांगलीत छोटा क्लास चालवतो, एमएचटी-सीईटीचा पीसीएम ग्रुप. परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंत रोज एकच फोन, सर किती पर्सेंटाइल येतील, सीओईपी मिळेल ना. आकडा सांगितला तर तो घरात पक्का धरला जातो, काहीच नाही सांगितलं तर सर टाळतायत असं वाटतं. शिकवणारे, समुपदेशक, पालक, मुलं, ज्यांनी हा प्रश्न झेलला किंवा विचारला त्या सगळ्यांनी नेमकं काय बोलणं झालं ते लिहा.

गणितवाल्या बाई, कोल्हापूर
मी आधी एकच विचारते, लॉगिनला रिस्पॉन्स शीट आणि उत्तरतालिका आली का? नसेल आली तर अंदाजावर बोलतच नाही, कारण मुलांना आठवणीतून मोजलेले मार्क जवळजवळ नेहमी जास्त वाटतात. आली की मुलाला समोर बसवून मोजून घेते. यंदाचा एक मुलगा, गणितात 27 बरोबर म्हणजे 54, फिजिक्स 36, केमिस्ट्री 38, एकूण 200 पैकी 128. निगेटिव्ह नाही त्यामुळे बेरीज सरळ आहे. हे मार्क मी छातीठोक सांगते, उत्तरतालिका बदलली नाही तर हेच राहणार.

पण वडिलांचा पुढचा प्रश्न, म्हणजे किती पर्सेंटाइल? इथे मी वही काढते. आमच्याकडची आधीच्या वर्षांची 125 ते 130 मधली मुलं वेगवेगळ्या शिफ्टला साधारण 97 ते 98.5 च्या मधे कुठेतरी बसलीत. दीडाचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही म्हणून मी तो माणसांमधे करून दाखवते. समजा पीसीएमला 4 लाख मुलं बसली. 98.5 म्हणजे पुढे दीड टक्का, 6 हजार मुलं. 97 म्हणजे पुढे 12 हजार. मार्क तेच 128 आणि नंबर डबल. हे कागदावर लिहिलं की वडील स्वतःच म्हणतात, मग आत्ता नंबर कसा सांगणार. मला नाही म्हणावं लागत नाही.

मग त्याच कागदावर मागच्या वर्षीचा कॅपचा कटऑफ घेऊन कॉलेज-ब्रांचचे तीन गठ्ठे करतो. जिथे शेवटचा प्रवेश 6 हजाराच्या आधीच संपला, जिथे 6 ते 12 हजाराच्या मधे संपला, आणि जिथे 12 हजाराच्या पुढे गेला. आपली कॅटेगरी आणि होम युनिव्हर्सिटीचा कॉलम बघूनच, नाहीतर सगळंच चुकतं. पहिला गठ्ठा सोडायचा नाही, फॉर्ममधे वर ठेवायचाच, पण तिसऱ्यातली निदान चार-पाच नावं अशी हवीत की मिळालं तर खरंच जाशील. पालकांना खरं तर हेच हवं असतं, नंबर ते दुसरं काही विचारायचं सुचत नाही म्हणून विचारतात असं माझं मत झालंय.

नाशिककर पालक
बाई छान लिहिलंय. पण अवघड शिफ्ट आली तर मार्क वाढवून देतात ना नॉर्मलायझेशनमधे? आमच्या मुलीची शिफ्ट अवघड होती, आम्हाला सांगितलंय की दहाएक मार्क धरून चाला.

गणितवाल्या बाई, कोल्हापूर
दादा मार्क कोणी वाढवत नाही. तिच्या शिफ्टमधे तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी मार्क असलेले शंभरात किती, तेच पर्सेंटाइल. पेपर सगळ्यांनाच अवघड गेला असेल तर कमी मार्कावरही पर्सेंटाइल चांगलं येतं, तेवढं तुमचं बरोबर. पण अवघड फक्त आपल्यालाच गेला की सगळ्यांना हे निकालाआधी कळायला मार्ग नाही. दहा मार्क धरू नका.

बारावीतली, परभणी
मला पण हा त्रास आहे, मावशी काका सगळे फोन करून रिझल्ट विचारतात, आई म्हणते सांगू नको, काय उत्तर देऊ कळत नाही. बोर्डाचे मार्क कमी आलेत, सीईटी बरी गेलीय.

समुपदेशक, पुणे
ताई धागा थोडा वेगळा आहे, पण बरं झालं लिहिलंस. बोर्डाचे कमी म्हणजे नेमके किती? इंजिनिअरिंगला बारावीच्या पीसीएममधे ओपनला 45 टक्के लागतात, राखीवला 40. सीईटी कितीही चांगली असली तरी हे नसेल तर कॅपमधे अपात्र. काकांना काय सांगायचं ते नंतर, आधी मार्कशीट घेऊन तीन विषयांची बेरीज कर.

बारावीतली, परभणी
51 येतायत. थँक्यू, हे कोणीच सांगितलं नव्हतं.

क्लासचा माजी कर्मचारी
मी एका मोठ्या क्लासच्या फोन डेस्कला होतो, नाव नको. तिथे वाक्य पाठ करून घेतलेलं, "आपल्याकडे आलात म्हणजे 95 च्या वर पक्कं". पालक ते वाक्य डायरीत लिहून घ्यायचे आणि निकालानंतर डायरी घेऊन यायचे, समोर मी. जानेवारी 2024 मधे केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आल्या की कोचिंगने रँकची किंवा मार्कांची हमी द्यायची नाही, मग नोव्हेंबरमधे ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही फसव्या जाहिरातींवर नियम काढले. बोर्डावरचं वाक्य गेलं पण फोनवरचं बरेच दिवस चालूच होतं. तोंडी बोललेलं कोण पकडणार.

पत्रिका बघणारे, सातारा
आमच्याकडेही मे महिन्यात हाच प्रश्न. मुलगा पास होईल का, गुरुजी. मी पास-नापास सांगत नाही, नंबर तर नाहीच. आई घाबरलेली असते, ऐकून घेतो, आणि विचारतो की अर्जाच्या तारखा कोणी लिहून ठेवल्यात का. बऱ्याचदा नसतात. एका घरी ऑब्जेक्शनची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि कोणाला माहीत नव्हतं.

गणितवाल्या बाई, कोल्हापूर
ऑब्जेक्शनचा मुद्दा महत्त्वाचा. एका प्रश्नाला हजार रुपये, परत मिळत नाहीत, त्यामुळे शिक्षकाला प्रश्न दाखवल्याशिवाय भरू नका. आणि उत्तरतालिका आली म्हणजे संपलं असंही नाही. 2025 ला 27 एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्यायच चुकलेले, 5 मेला फेरपरीक्षा झाली. त्या मुलांना कोणी आकडा सांगून बसलं असतं तर?

शिकवणी घेते, बीड
माझ्याकडे दहावीची मुलं, तिथे प्रश्न नंबरचा नसतो, पास होईल का एवढाच. गणिताच्या काठावरच्या मुलाच्या आईला मी म्हणते, लेखीचं मला आत्ता माहीत नाही, पण समजा राहिलाच तर जून-जुलैला पुरवणी परीक्षा आहे, आणि एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. होईल हो पास असं म्हटलं असतं तर त्या मुलाने पुस्तक विकून टाकलं असतं. माझी अडचण वेगळी आहे, हे सगळं मुलासमोर बोलायचं का? आई म्हणते त्याच्यासमोर नको, खचेल.

समुपदेशक, पुणे
मी समोरच बोलतो. मुलाला नेमकी शंका कुठल्या प्रश्नाची आहे ते त्यालाच माहीत असतं.

नाशिककर पालक
मला नाही पटत. आमची दोन दिवस जेवली नाही, कमी बाजूचा आकडा ऐकून. आधी आईबापाला सांगा, आम्ही बघू कधी सांगायचं ते.

गणितवाल्या बाई, कोल्हापूर
मी समोर बोलते, पण कमी बाजूचा आकडा एकटा कधीच उच्चारत नाही. त्या नंबरावर मागच्या वर्षी कुठलं कॉलेज मिळालेलं ते नाव आधी, मग आकडा. तरी दादांच्या मुलीच्या बाबतीत हे चाललं असतं का, सांगता येत नाही. बीडच्या ताई, तुमच्याकडची मुलं पंधरा वर्षांची, माझी अठराची, त्यानेही फरक पडत असेल.